बाळाची पाठ आईच्या कण्याकडे असते तेव्हा

नववा महिना लागला की पहिलटकरणीला घरोघरी एक सल्ला मिळतोच. गुडघ्यांवर बसून फरशी पूस, बाळ नीट फिरेल, बाळंतपण सोपं जाईल. हा सल्ला केवळ आपल्याकडचा नाही. १९९०च्या दशकात न्यूझीलंडमधल्या जीन सटन या अनुभवी सुईणीनेही जवळपास हेच शिकवायला सुरुवात केली होती. मऊ सोफ्यात मागे रेलून बसण्याच्या सवयीमुळे बाळाची पाठ आईच्या पाठीकडे जाते, म्हणून शेवटच्या आठवड्यांत पुढे झुकून बसावं, अधूनमधून हातापायांवर ओणवं व्हावं, असं तिचं सांगणं होतं. सल्ला सोपा होता, बिनखर्चाचा होता आणि ऐकताक्षणी पटण्यासारखा होता. तो जगभर पसरला.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मग तो तपासून पाहिला. अडीच हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाने सदतिसाव्या आठवड्यापासून कळा सुरू होईपर्यंत दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं ओणवं होऊन कंबर हळूहळू हलवायची. दुसऱ्या गटाने रोज चालायचं. २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निकाल छापून आला. जन्माच्या वेळी बाळाची पाठ आईच्या पाठीकडेच राहिली, असं प्रमाण ओणव्या होणाऱ्या गटात ८.१ टक्के होतं आणि चालणाऱ्या गटात ७.८ टक्के. म्हणजे काहीच फरक पडला नव्हता.

तेव्हा नवव्या महिन्यात फरशी पुसायला आवडत असेल तर जरूर पुसावी, पण बाळ फिरवण्याची जबाबदारी म्हणून नको. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण पुढे प्रसूती अडली आणि शस्त्रक्रिया करावी लागली, की ‘नऊ महिने नुसती बसून होती’ हा ठपका तिच्याच माथी येतो. त्या ठपक्याला कसलाही आधार नाही.

मुळात ही स्थिती असते कशी? बाळाचं डोकं खालीच असतं. पायाळू बाळाचा आणि हिचा काही संबंध नाही. फरक असतो तो बाळाचं तोंड कुठे आहे याचा. बहुतेक बाळं जन्माला येताना आईच्या पाठीकडे तोंड करून येतात. त्यांच्या डोक्याचा मागचा, गोल भाग आईच्या ओटीपोटाकडे असतो. या स्थितीत ते उलटं होतं. बाळाची पाठ आईच्या कण्याकडे, डोक्याचा मागचा भाग माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाकडे आणि तोंड आईच्या पोटाकडे. डॉक्टर याला ‘ऑक्सिपट पोस्टिरियर’ किंवा थोडक्यात ‘ओपी’ म्हणतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर आरओपी किंवा एलओपी लिहिलेलं असतं, म्हणजे पाठ मागे आणि थोडी उजवीकडे किंवा डावीकडे.

अनुभवी सिस्टरला हे पोटावर हात ठेवूनही बरंचसं कळतं. बेंबीच्या खाली पोट भरीव लागण्याऐवजी खोलगट लागतं. बाळाची सपाट पाठ हाताला सापडत नाही, समोरच हातपायांची चुळबुळ जाणवते. बाळाचे ठोके पोटाच्या मधोमध नीट ऐकू येत नाहीत, कुशीकडे सरकून ऐकावे लागतात. आतून तपासताना बाळाची पुढची, शंकरपाळ्याच्या आकाराची टाळू समोरच्या बाजूला बोटाला लागते. मात्र बराच वेळ कळा देऊन झाल्यावर डोक्यावर सूज येते आणि बोटांनी अंदाज चुकू शकतो. अशा वेळी पोटावरून सोनोग्राफी करून बाळाचे डोळे कुठल्या दिशेला आहेत ते पाहणं जास्त खात्रीचं.

अडचण येते ती डोक्याच्या मापामुळे. गळ्याचा सदरा घट्ट असला की आपण हनुवटी छातीला लावतो आणि डोक्याचा मागचा भाग आधी आत घालतो, तेव्हा तो सहज उतरतो. बाळही तेच करतं. हनुवटी छातीला टेकवून ते आलं, तर वाटेतून साधारण साडेनऊ सेंटिमीटरचं माप जावं लागतं. पाठ आईच्या पाठीला असलेल्या बाळाला मान अशी वाकवायला पुरेशी जागा मिळत नाही. मान थोडी ताठ राहते आणि मग पुढे येतं ते सुमारे साडेअकरा सेंटिमीटरचं माप. दोन सेंटिमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण आईच्या हाडांच्या वाटेत तेवढ्यासाठी कित्येक तास जाऊ शकतात. शिवाय असं डोकं गर्भाशयाच्या तोंडावर सगळीकडून सारखं टेकत नाही. त्यामुळे कळा अनियमित येतात आणि तोंड हळू उघडतं.

पण ही झाली सुरुवातीची स्थिती. बाळ तसंच राहतं असं मुळीच नाही. कळा सुरू होताना साधारण चारपैकी एका बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असते, आणि प्रत्यक्ष जन्माच्या वेळी हे प्रमाण पाच ते आठ टक्क्यांवर येतं. बाकीची सगळी वाटेत वळतात. डोकं खाली उतरून कटीच्या तळाच्या स्नायूंवर टेकलं, की त्या स्नायूंच्या उतारावरून ते पुढच्या बाजूला फिरत जातं. हे वळण काही लहान नसतं. तिरक्या मागच्या स्थितीतून निघालेल्या डोक्याला १३५ अंश, म्हणजे अर्ध्या वर्तुळालाही थोडंच कमी, फिरावं लागतं. बॉस्टनमध्ये दीड हजारांवर प्रसूतींत वारंवार सोनोग्राफी करून बाळांच्या दिशा नोंदवल्या गेल्या. २००५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळं कळांच्या दरम्यान दिशा बदलत राहतात आणि शेवटची दिशा जन्माच्या अगदी जवळ येऊन ठरते, असं त्यात दिसलं. म्हणून छत्तिसाव्या आठवड्याच्या रिपोर्टवर ‘आरओपी’ वाचून झोप उडवून घेण्याचं काही कारण नाही.

आता कंबरेविषयी.

सगळ्या कळा पोटात येत नाहीत. काहीजणींना त्या माकडहाडाच्या वर सुरू होतात आणि तिथेच ठाण मांडतात. कळ ओसरली तरी कंबर ठणकत राहते, दोन कळांमध्ये उसंतच मिळत नाही. वेदनांच्या अभ्यासासाठी नावाजलेले कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९८०च्या दशकात बाळंतिणींना विचारून नोंदी केल्या, तेव्हा सुमारे एक तृतीयांश जणींनी अशी सतत दुखणारी कंबर सांगितली होती. याचं नेहमीचं स्पष्टीकरण म्हणजे बाळाच्या डोक्याचा टणक मागचा भाग त्रिकोणी हाडावर आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांवर दाब देतो. ते खोटं नाही, पण पुरतंही नाही. गर्भाशय आणि त्याचं तोंड यांच्या वेदना वाहून नेणाऱ्या नसा आणि कंबरेच्या नसा मज्जारज्जूत एकाच पातळीवर येऊन मिळतात. त्यामुळे बाळ अगदी सरळ असलं तरी कळ कंबरेत जाणवू शकते. प्रसूतीतल्या सोबतीच्या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या अमेरिकेतल्या पेनी सिमकिन यांनी २०१०मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेताना हीच गोष्ट ठळकपणे मांडली. कंबर दुखते म्हणजे बाळ उलट्या तोंडाचं आहे असं नाही, आणि कंबर दुखत नाही म्हणजे ते सरळच आहे असंही नाही.

हे सगळं एकत्र कसं घडतं, ते नेहमी दिसणाऱ्या एका प्रसूतीवरून पाहू. तालुक्याच्या गावी माहेरी आलेली पहिलटकरीण, दिवस पूर्ण भरलेले. दुपारपासून कंबर धरली आहे. कळा जोडीने येतात, एकीपाठोपाठ दुसरी, मग दहा-बारा मिनिटं काही नाही. रात्री दहाला ती रुग्णालयात येते तेव्हा तोंड चार सेंटिमीटर उघडलेलं असतं. ठोके उजव्या कुशीकडे मिळतात, बेंबीखाली खळगा दिसतो. उताणं झोपल्यावर तिला एक कळही सोसवत नाही. सिस्टर तिला उठवते, खाट कमरेएवढी उंच करते, वर दोन उशा ठेवते आणि तिला त्यांवर कोपरं टेकवून पुढे झुकून उभं राहायला सांगते. तिच्या आईला जवळ बोलावून हाताने जागा दाखवते. “मावशी, इथे. कळ सुरू झाली की तळहाताने दाबून धरा, संपेपर्यंत सोडू नका. चोळायचं नाही, दाबायचं.”

पहाटे एकला पाच सेंटिमीटर, साडेतीनला सात. चार वाजता तिला अनावर जोर द्यावासा वाटू लागतो, पण तपासल्यावर तोंड नऊच उघडलेलं दिसतं, पुढच्या बाजूला त्याची कड अजून शिल्लक आहे. या स्थितीत हे बरेचदा घडतं. डोक्याचा मागचा भाग आतड्याच्या शेवटच्या भागावर दाबतो आणि वेळेआधीच जोर येतो. तेव्हा जोर दिला तर ती कड सुजते आणि काम आणखी लांबतं. सिस्टर तिला खाटेवरच गुडघ्यांवर घेते, छाती उशीवर टेकवायला लावते. कंबर वर गेली की डोक्याचा दाब मागून जरा हटतो. तिने कळ फुंकर मारत काढायची, जोर द्यायचा नाही. सहाच्या सुमारास तोंड पूर्ण उघडतं. टाळू आता बाजूला लागते, म्हणजे डोकं निम्मं फिरलेलं आहे. आणखी दीड तासाने बाळ नेहमीसारखं खाली तोंड करून जन्माला येतं, डोकं मागच्या बाजूला लांबट झालेलं.

ओणवं झाल्यामुळे ते फिरलं का? प्रामाणिक उत्तर असं, की कदाचित तसंही फिरलं असतं. कॅनडातल्या रॉबिन स्ट्रेमलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न कळा चालू असलेल्या, सोनोग्राफीने ओपी असल्याची खात्री झालेल्या १४७ स्त्रियांच्या बाबतीत तपासला. निम्म्या स्त्रियांनी तासाभरात किमान अर्धा तास हातापायांवर ओणवं राहायचं. त्यांतल्या १६ टक्के बाळांची दिशा बदलली, इतरांत ७ टक्के. हा फरक इतक्या थोड्या संख्येवर योगायोगानेही पडू शकतो. पण कंबरेच्या सततच्या दुखण्यात निःसंशय घट झाली. नंतर जिनिव्हामध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासातही बाळ फिरण्याबाबत ठोस फायदा दिसला नाही. तेव्हा ओणवं होण्याला बाळ फिरवण्याचं तंत्र म्हणण्याऐवजी कंबरेचं औषध म्हणावं. फिरलं तर तो वरचा लाभ.

आणि औषध म्हणून ते नीट वापरायला हवं. हातापायांवर राहताना गुडघे कमरेच्या रुंदीपेक्षा थोडे लांब ठेवावेत, गुडघ्यांखाली जाड चादर असावी. मनगटं लवकर दुखतात, म्हणून तळव्यांऐवजी कोपरांवर किंवा उशांच्या ढिगावर भार द्यावा. पोट खाली लोंबकळू देत पाठीला खोल खळगा पाडला तर कंबरेला उलट त्रास होतो. पाठ सरळ ठेवून कटी हळूहळू गोल फिरवली तर बरं वाटतं. अर्ध्या तासाने थकवा आला की खुर्चीवर उलटं, पाठीच्या बाजूला तोंड करून बसता येतं किंवा कुशीवर झोपून दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी घेता येते. कुठल्या कुशीवर, याबद्दल अभ्यासांचं एकमत नाही, जी सोयीची वाटेल ती. टाळायचं ते एकच, तासन् तास उताणं पडून राहणं. त्यात गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि कंबरेवरचा दाबही हटत नाही.

दाबण्याचीही रीत आहे. पार्श्वभागाच्या वर, दोन खळ्यांच्या मध्ये जे सपाट हाड लागतं, त्यावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवायचा आणि कोपर ताठ ठेवून अंगाचा भार द्यायचा. दुसऱ्या हाताने तिच्या कमरेची पुढची बाजू धरली तर ती पुढे ढकलली जात नाही. किती जोर द्यायचा ते तीच सांगते, आणि तो सहसा घरच्यांना भीती वाटावी इतका असतो. दुसरा प्रकार म्हणजे मागे उभं राहून दोन्ही तळवे कुल्ल्यांच्या मांसल भागावर ठेवायचे आणि दोन्हीकडून आत, एकमेकांकडे दाबायचं. तासाभरात दाबणाऱ्याचे हात भरून येतात, म्हणून सोबत एकापेक्षा जास्त माणसं असलेली बरी. केंद्र सरकारने २०१६मध्ये सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीसोबत एक स्त्री नातेवाईक राहू द्यावी, अशी सूचना काढली आहे. प्रसूतीगृह दाटीवाटीचं असलं तरी एका मावशीला आत घेणं हा चैनीचा भाग नव्हे, तिच्या हातांचं तिथे काम असतं. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून कमरेला लावण्यानेही आराम पडतो, फक्त ती आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी.

आपल्याकडे फारसा ऐकिवात नसलेला एक उपायही आहे. कमरेच्या त्या सपाट हाडाच्या चार कोपऱ्यांवर, कातडीच्या आत, निर्जंतुक पाण्याचे थेंबभर चार टोचे देतात. अर्धा मिनिट गांधीलमाशी चावल्यासारखी आग होते, आणि मग पुष्कळ जणींची कंबर तास-दीड तास शांत होते. मुख्यतः ऑस्ट्रेलियात १,८०० हून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्या तासाने वेदना ठळकपणे कमी झालेल्या स्त्रिया ६१ टक्के होत्या. नुसत्या सलाइनचे टोचे दिलेल्या गटात ३१ टक्के. शस्त्रक्रियांचं प्रमाण मात्र त्याने कमी झालं नाही.

एपिड्यूरल घेतलं तर कंबरदुखी थांबते, यात वाद नाही. बॉस्टनच्या त्याच अभ्यासात एपिड्यूरल घेतलेल्यांत जन्माच्या वेळी ओपी राहिलेली बाळं १२.९ टक्के होती, न घेतलेल्यांत ३.३ टक्के. सुरुवातीला दोन्ही गटांत प्रमाण जवळपास सारखंच होतं. कटीच्या तळाचे स्नायू सैल पडल्याने डोकं फिरायला लागणारा आधार कमी होतो, असा एक अंदाज आहे. पण रात्रभर न झोपलेल्या, थकून गेलेल्या बाईला दोन तास झोप मिळाली तर पुढच्या टप्प्यात तिला जोर देता येतो, हेही तितकंच खरं. एपिड्यूरलनंतरही कुशी बदलत राहावं, दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी.

काही बाळं फिरतच नाहीत. त्यांतली कित्येक तोंड वर ठेवूनच, स्वतःच्या जोरावर जन्माला येतात, पण वेळ जास्त लागतो आणि योनीमार्गाच्या मोठ्या फाटीचा धोका वाढतो. डोकं आडव्या स्थितीत येऊन अडकतं, तेव्हा अनुभवी डॉक्टर हाताने ते फिरवून पाहतात, नाहीतर व्हॅक्यूम किंवा सिझेरियन करावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये आणलेल्या प्रसूतीच्या नोंद-तक्त्यात बाळाच्या डोक्याच्या दिशेसाठी स्वतंत्र ओळ आहे. दिशा मागची किंवा आडवी असेल तर ती लक्ष देण्याची खूण समजली जाते. ताबडतोब शस्त्रक्रिया असा तिचा अर्थ नाही. पहिल्या बाळंतपणात पाच सेंटिमीटरपासून पूर्ण उघडेपर्यंत बारा तास लागणं हे संघटनेच्या मते अजूनही नेहमीतलंच आहे, फक्त बाळाचे ठोके चांगले हवेत. ठोके बिघडले, पाणी हिरवं आलं, ताप चढला, रक्तस्राव होऊ लागला किंवा चांगल्या कळा असूनही डोकं जागचं हललं नाही, तर मग ओणवं होण्यात आणि चालण्यात वेळ घालवायचा नाही. आणि पाण्याची पिशवी फुटली असून डोकं अजून वरच असेल, तर तपासून घेतल्याशिवाय फेऱ्या मारायला उठू नये. त्या अवस्थेत नाळ खाली घसरण्याची भीती असते.

आठव्या-नवव्या महिन्याच्या तपासणीला गेलं की रुग्णालयात दोनच गोष्टी विचारून ठेवाव्यात. कळांच्या वेळी खाटेवरून उतरून हिंडता-वाकता येईल का? आणि सोबत आई, बहीण किंवा जाऊ आत राहू शकेल का? नवऱ्याला आत येऊ देत असतील, तर त्यालाही ती दाबायची जागा आधीच दाखवून ठेवावी. ऐन कळेच्या वेळी ती शोधत बसायला कुणाला फुरसत नसते.